शिष्यवृत्ती मंजुरीपत्राचे फेरलेखन

शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचे कळवणारे पत्र नव्याने लिहून त्यातील अटी, नूतनीकरणाचे निकष आणि मुदती यांचा एकच अर्थ निघेल असे करणे, याला मंजुरीपत्राचे फेरलेखन म्हणता येईल. भाषा सोपी करणे हा त्यातला छोटा भाग आहे. खरे काम असते ते देणाऱ्या संस्थेने आजवर न ठरवलेल्या गोष्टी ठरवण्याचे. पत्र मोघम असते, कारण बहुधा नियमच मोघम असतो.

एखाद्या खासगी न्यासाने अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला पुढील मजकुराचे पत्र पाठवले असे समजू.

“आपणास चार वर्षांकरिता एकूण रु. 1,60,000 ची शिष्यवृत्ती मंजूर करण्यात येत आहे. शैक्षणिक प्रगती समाधानकारक (किमान 60 टक्के) असल्यास न्यासाच्या नियमांस अधीन राहून सदर शिष्यवृत्ती पुढील वर्षी चालू राहील. नूतनीकरणाचा अर्ज निकालानंतर आवश्यक कागदपत्रांसह विहित मुदतीत सादर करावा, अन्यथा शिष्यवृत्ती रद्द समजण्यात येईल.”

पत्र शुद्ध आहे, रीतसर आहे, आणि ते वाचून घरातले लोक 1,60,000 रुपये मिळाले असे धरून चालतात. प्रत्यक्षात मंजूर झाले आहेत पहिल्या वर्षाचे 40,000. उरलेले तीन हप्ते दरवर्षी अटी पूर्ण झाल्या तरच मिळायचे आहेत. म्हणून फेरलेखनात पहिले वाक्य नक्की मिळणाऱ्या रकमेचे असते: “2026-27 या वर्षासाठी तुम्हाला 40,000 रुपये मंजूर झाले आहेत.” पुढच्या वर्षांची रक्कम वेगळ्या वाक्यात, अटींना जोडून येते. एकूण बेरीज लिहायचीच असेल तर ती अटींच्या नंतर लिहावी.

सर्वांत जास्त घोळ “किमान 60 टक्के” या शब्दांत आहे. अभियांत्रिकीच्या गुणपत्रिकेवर टक्के नसून दहापैकी श्रेणीगुण असतात. या विद्यार्थिनीला पहिल्या सत्रात 6.2 आणि दुसऱ्यात 7.2 मिळाले आणि दोन्ही सत्रांची क्रेडिट सारखी असली, तर तिचा सीजीपीए 6.7 होतो. तो सरळ दहाने गुणला तर 67 टक्के. सीबीएसईने काही वर्षे दहावीसाठी सांगितलेल्या 9.5 च्या गुणकाने 63.65 टक्के. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात मात्र 6.75 म्हणजे 60 टक्के, त्या हिशेबाने ही मुलगी 59.5 वर थांबते. एकाच गुणपत्रिकेवरून ती पात्रही ठरते आणि अपात्रही. कोणता हिशेब धरायचा हे अर्ज तपासणाऱ्यावर सोडले, तर दोन मुलींना दोन न्याय मिळणे अटळ आहे.

यावर उपाय म्हणजे टक्केवारी सोडून गुणपत्रिकेवर छापलेल्या आकड्यालाच अट जोडणे. “दुसऱ्या सत्राच्या गुणपत्रिकेवर सीजीपीए 6.75 किंवा जास्त हवा. आकडा छापला असेल तसाच धरला जाईल. 6.74 चालणार नाही.” शेवटचे वाक्य कठोर वाटते, पण ते आधी लिहिलेले असणे हे नंतर कळवण्यापेक्षा पुष्कळ दयाळू आहे. एखादा विषय एटीकेटीत असेल तर काय, हेही इथेच सांगावे लागते. सीजीपीए पुरेसा असूनही एक विषय राहिलेला असू शकतो, आणि “समाधानकारक” या शब्दातून त्याचे उत्तर मिळत नाही.

मोजता येणाऱ्या अटींचा नमुना सरकारी योजनांतही आहे. आठवीत परीक्षा होऊन नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये देणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजनेत नववीतून दहावीत आणि अकरावीतून बारावीत पहिल्याच प्रयत्नात जावे लागते. दहावीला 60 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्क्यांची सवलत आहे. वर्ग, परीक्षा आणि आकडा तिन्ही ठरलेले असल्याने पालक स्वतः पडताळा घेऊ शकतात. खासगी न्यासांनी निदान इतके तरी उचलावे.

मुदतीचा प्रश्न वेगळ्या प्रकारचा आहे. “निकालानंतर” म्हणजे संकेतस्थळावर निकाल दिसल्यापासून, महाविद्यालयात गुणपत्रिका हाती पडल्यापासून, की फेरमूल्यांकनाचा निकाल लागल्यापासून? या तीन तारखांत कित्येक आठवड्यांचे अंतर पडू शकते. विद्यापीठाचा निकाल लांबणे विद्यार्थ्याच्या हातात नसते, म्हणून अर्जाची मुदत निकालाला बांधू नये. अर्ज ठरलेल्या तारखेला घ्यावा आणि गुणपत्रिकेला स्वतंत्र मुदत द्यावी. आपल्या उदाहरणातल्या पत्रात ते असे येईल:

“नूतनीकरणाचा अर्ज मंगळवार, 31 ऑगस्ट 2027 रोजी सायंकाळी 5 पर्यंत न्यासाच्या कार्यालयात किंवा ईमेलवर पोचला पाहिजे. टपालात टाकल्याची तारीख धरली जाणार नाही. तोवर निकाल लागला नसेल तरी अर्ज याच तारखेपर्यंत पाठवा. गुणपत्रिका संकेतस्थळावर निकाल लागल्यापासून 15 दिवसांत पाठवा, तिची छापील प्रत चालेल.”

वार लिहिल्याने तारखेतली टंकलेखनाची चूक लगेच उघडी पडते. “आवश्यक कागदपत्रे” या जागी त्यांची नावे हवीत: गुणपत्रिका, महाविद्यालयाचे बोनाफाइड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. दाखला कोणत्या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा हेही लिहावे. जुना दाखला जोडल्याने परत आलेला अर्ज आणि नवा काढण्यासाठी सेतू केंद्रात घातलेल्या खेपा, यांत मुदत सहज निघून जाते.

जुन्या पत्रात प्रत्येक चुकीला एकच शिक्षा आहे: रद्द. कागद आठवडाभर उशिरा येणे आणि अभ्यासक्रम सोडून देणे यांना एकाच तागडीत तोलणे अन्यायाचे आहे, आणि बहुतेक संस्थांना तसे करायचेही नसते. म्हणून परिणाम अटीगणिक लिहावेत. गुणपत्रिका उशिरा आली तर हप्ता उशिरा मिळेल. सीजीपीए कमी पडला तर त्या वर्षीचा हप्ता मिळणार नाही, पण पुढच्या वर्षी तो 6.75 वर आला तर शिष्यवृत्ती पुन्हा सुरू होईल. अभ्यासक्रम सोडला तर ती संपेल. आजारपणासारख्या कारणाने सवलत हवी असेल तर अर्ज कोणाकडे, किती दिवसांत करायचा, हे त्याच परिच्छेदात हवे.

फेरलेखनाच्या मर्यादाही आहेत. “न्यासाच्या नियमांस अधीन” हे शब्द काढायचे असतील तर ते नियम पत्रासोबत जोडावे लागतात, आणि पत्र व नियम यांत फरक पडल्यास काय ग्राह्य धरायचे ते सांगावे लागते. वरची 6.75 ची रेषा कारकुनाने किंवा लेखनिकाने ठरवायची नसते. ती विश्वस्तांच्या सभेत मंजूर व्हायला हवी. ज्यांना जुने पत्र गेले आहे, त्यांच्यावर नवी कडक अट मधल्या वर्षात लादू नये. संस्थेनेच लिहिलेले संदिग्ध पत्र विद्यार्थ्याच्या बाजूने वाचणे हेच रास्त.

मसुदा तयार झाल्यावर तो निवड प्रक्रियेशी संबंध नसलेल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना आणि एखाद्या पालकाला द्यावा. “समजले का?” असे विचारल्यास सगळे हो म्हणतात, म्हणून प्रश्न प्रसंगाचे असावेत. सीजीपीए 6.70 आला तर पैसे मिळतील का? निकाल 20 सप्टेंबरला लागला तर कोणता कागद कोणत्या तारखेपर्यंत पाठवायचा? वरच्या मसुद्यावरून पहिल्याचे उत्तर “नाही” आणि दुसऱ्याचे “अर्ज 31 ऑगस्टपर्यंत, गुणपत्रिका 5 ऑक्टोबरपर्यंत” असे यायला हवे. एखाद्याने 4 ऑक्टोबर म्हटले, तर निकालाचा दिवस धरायचा की नाही हे मसुद्यात राहून गेले आहे. अशा वेळी दिवसांची मोजणी समजावत बसण्यापेक्षा निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासून 15 दिवस मोजावेत, असे वाक्यातच घालावे आणि मसुदा नव्या वाचकाला द्यावा.