तर्ककोड्याच्या उत्तराचा पडताळा

तर्ककोडे सोडवून झाल्यावर हाती आलेली संपूर्ण मांडणी कोड्यातल्या प्रत्येक विधानाशी एकेक करून ताडून पाहण्याची रीत. उत्तर कसे काढले, याचा तिच्याशी संबंध नसतो. ते नेमक्या तर्काने काढलेले असो, अंदाजाने असो वा दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेले असो, मांडणी सर्व विधानांना उतरली तर ती ग्राह्य, एका जरी विधानाला उतरली नाही तर त्याज्य. या नोंदीत ही रीत झेब्र्याच्या प्रसिद्ध कोड्यावरून समजावून दिली आहे.

हे कोडे ‘लाइफ इंटरनॅशनल’ या नियतकालिकाच्या 17 डिसेंबर 1962 च्या अंकात आले आणि त्याचे उत्तर 25 मार्च 1963 च्या अंकात छापले गेले. आइन्स्टाइनने ते लहानपणी रचले, असे सर्रास सांगितले जाते, पण त्याला पुरावा नाही. शिवाय कोड्यात आलेली कूल ही सिगारेट बाजारात आली 1933 साली, तेव्हा आइन्स्टाइन पन्नाशी ओलांडून गेला होता.

एका रांगेत पाच घरे आहेत. प्रत्येक घराचा रंग, त्यात राहणाऱ्याचा देश, त्याचे पेय, त्याची सिगारेट आणि त्याचा पाळीव प्राणी वेगळा आहे. एकूण 15 विधाने दिलेली आहेत आणि प्रश्न दोन : पाणी कोण पितो आणि झेब्रा कोणाचा? गंमत अशी, की पाणी आणि झेब्रा यांचा उल्लेख एकाही विधानात नाही. डावीकडून उजवीकडे मांडलेले उत्तर असे :

पहिले घर : पिवळे, नॉर्वेजियन, पाणी, कूल, कोल्हा.
दुसरे घर : निळे, युक्रेनियन, चहा, चेस्टरफिल्ड, घोडा.
तिसरे घर : लाल, इंग्रज, दूध, ओल्ड गोल्ड, गोगलगायी.
चौथे घर : हस्तिदंती, स्पॅनिश, संत्र्याचा रस, लकी स्ट्राइक, कुत्रा.
पाचवे घर : हिरवे, जपानी, कॉफी, पार्लमेंट, झेब्रा.

पडताळ्याची सुरुवात विधानांच्याही आधी, न बोललेल्या अटीपासून करावी लागते : पंचवीसही खाने भरलेले आहेत ना आणि कोणतीही गोष्ट दोनदा आलेली नाही ना. घाईत सोडवताना चहा दोन घरांत लिहिला जातो आणि मग पुढची सगळी विधाने सुखाने जुळतात. त्यानंतर कोड्याचा मूळ मजकूर समोर ठेवून पहिल्यापासून पंधराव्या विधानापर्यंत क्रमाने जायचे. पहिले विधान घरे पाच आहेत एवढेच सांगते. ‘स्पॅनिश माणसाकडे कुत्रा आहे’ : स्पॅनिश माणूस चौथ्या घरात, तिथे कुत्रा, जुळले, खूण करा. एकाच घरातल्या दोन गोष्टी जोडणारी अशी विधाने आठ आहेत आणि ती झटपट आटोपतात. मधल्या घरात दूध, पहिल्या घरात नॉर्वेजियन ही जागा सांगणारी दोनही तशीच. लक्ष द्यायचे ते शेजार सांगणाऱ्या चार विधानांकडे, कारण त्यांत दोन घरे एकदम पाहावी लागतात. बहुतेक चुका इथेच दडून राहतात.

समजा, एखाद्याने कोल्हा आणि झेब्रा यांची अदलाबदल केली : झेब्रा पहिल्या घरात, कोल्हा पाचव्यात. बाकी सारे वरच्यासारखेच. आता पंधरापैकी चौदा विधाने बिनचूक जुळतात. फक्त अकरावे, म्हणजे ‘चेस्टरफिल्ड ओढणारा कोल्हेवाल्याच्या शेजारी राहतो’, मोडते, कारण चेस्टरफिल्ड दुसऱ्या घरात आहे आणि कोल्हा पाचव्यात. चौदा खुणा झाल्यावर ‘आता काय राहिले’ म्हणून हात आखडणारा माणूस झेब्रा नॉर्वेजियनचा ठरवून मोकळा होतो. म्हणून पडताळ्यात बहुसंख्येला किंमत नसते. तो मांडणीकडून विधानांकडे न करता विधानांकडून मांडणीकडे करायचा, तोही याचसाठी. पाचव्या घरातल्या कोल्ह्याकडे नुसते पाहून काही खटकत नाही. खटकायला अकरावे विधान हातात असावे लागते.

दुसरी चूक याहून फसवी आहे. सहावे विधान म्हणते, की हिरवे घर हस्तिदंती घराच्या लगेच उजवीकडे आहे. सोडवणाऱ्याने टिपणात नुसते ‘हिरवे–हस्तिदंती शेजारी’ असे लिहून ठेवले आणि चौथे व पाचवे घर त्यांतल्या माणसांसकट उलटसुलट झाले, तर काय होते? जपानी चौथ्या घरात येतो, स्पॅनिश पाचव्यात. सहावे सोडून एकही विधान मोडत नाही. शिवाय प्रश्नांची उत्तरेही तीच राहतात : पाणी नॉर्वेजियन पितो, झेब्रा जपान्याचा. मागच्या पानावरच्या उत्तराशी ताडून पाहणाऱ्याला ही मांडणी बरोबरच वाटणार. पडताळा स्वतःच्या टिपणावरून केला तरी ती निसटते, कारण ‘उजवीकडे’ हा शब्द टिपणातच गळलेला आहे. छापलेल्या विधानाचा शब्दन् शब्द वाचला तरच ती पकडली जाते.

पडताळ्याला एक पक्की मर्यादा आहे. मांडणी चालते एवढेच तो सांगतो, दुसरी कोणतीही चालत नाही हे सांगत नाही. अकरावे विधान कोड्यातून काढून टाकले, तर उरलेल्या चौदांना उतरणाऱ्या मांडण्या नेमक्या दोन निघतात : मूळची आणि कोल्हा–झेब्रा अदलाबदलीची. दोन्हींचा पडताळा निर्दोष होतो, मात्र झेब्र्याचे मालक दोन ठरतात. उत्तर एकमेव आहे हे दाखवायचे तर प्रत्येक पर्यायी वाट विसंगतीपर्यंत नेऊन बंद करावी लागते. ते काम सोडवण्याचे, पडताळ्याचे नव्हे. कोडे रचणाऱ्याला ते टाळता येत नाही. सोडवणारा बहुधा रचणाऱ्यावर विसंबतो.

कष्टाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. पाच घरांत या पंचवीस गोष्टी 2488 कोटींहून अधिक प्रकारे मांडता येतात, पण हाती दिलेली एक मांडणी तपासायला पंधरा विधाने पुरतात. शोधणे अवघड आणि तपासणे सोपे, हा फरक संगणकशास्त्रातल्या एका मोठ्या न सुटलेल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे.

कोड्यातली माणसेच खरे-खोटे बोलत असतील, तर पडताळा दुहेरी होतो. रेमंड स्मलियनच्या अनेक कोड्यांत कायम खरे बोलणारे आणि कायम खोटे बोलणारे असे दोनच प्रकार असतात. तिथे खरे बोलणाऱ्याचे विधान खरे ठरले एवढ्याने भागत नाही, खोटे बोलणाऱ्याचे विधान खोटे ठरते का हेही पाहावे लागते. हा दुसरा अर्धा भाग नवखे लोक हटकून विसरतात. ‘जर–तर’ विधानांतही असाच घोटाळा होतो : ‘अ पहिला असेल तर ब शेवटचा’ हे विधान अ पहिला नसताना मोडत नाही, मग ब कुठेही बसलेला असो.

स्पर्धा परीक्षांमधल्या बैठक व्यवस्थेच्या प्रश्नांत हीच रीत उलटी वापरतात. चारही पर्यायांत पूर्ण मांडणी दिलेली असेल, तर काहीही न सोडवता एकेक विधान चारही पर्यायांना लावायचे आणि मोडेल तो पर्याय खोडायचा. पर्यायांत फक्त एखादे नाव दिले असेल, तर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण तपासायला मांडणीच नसते. तिथे कोडे सोडवावेच लागते.