हुगळी नदीमुखातील गाळउपसा

हुगळी नदीमुखातील गाळउपसा म्हणजे पश्चिम बंगालमधील कोलकाता आणि हल्दिया या बंदरांकडे जाणारा जलमार्ग जहाजांसाठी पुरेसा खोल राहावा म्हणून नदीच्या तळातील वाळू व गाळ सातत्याने काढण्याचे काम होय. यास ड्रेजिंग असेही म्हणतात. कोलकाता हे नदीकाठचे बंदर असून समुद्रातील सँडहेड्स या ठिकाणापासून ते सुमारे २३२ किमी आत आहे. एवढ्या लांबीच्या मार्गात वाळूचे अनेक उंचवटे (बार) आडवे येतात आणि त्यांपैकी सर्वांत उथळ उंचवट्यावर जेवढे पाणी असेल, तेवढ्यावरच जहाजात किती माल भरता येईल हे ठरते.

## गाळ साचण्याची कारणे

हुगळी ही गंगेची शाखा आहे. नदीतून येणारा गाळ समुद्राकडे वाहून जातो, असा सर्वसाधारण समज असला तरी नदीमुखात गाळाची वाहतूक दोन्ही दिशांनी होते. उथळ आणि निमुळत्या होत जाणाऱ्या पात्रात भरतीची लाट आत शिरताना तिचा माथा पायथ्यापेक्षा वेगाने पुढे सरकतो. त्यामुळे भरती थोड्या वेळात व जोराने येते, तर ओहोटी बराच वेळ संथपणे चालते.

या असमानतेचा परिणाम पुढील काल्पनिक उदाहरणावरून लक्षात येईल. भरती ४ तास व ओहोटी ८ तास चालली आणि दोन्ही वेळी सारखेच पाणी वाहिले, तर भरतीचा सरासरी वेग ओहोटीच्या दुप्पट असेल. प्रवाहाची गाळ वाहण्याची क्षमता ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, असे धरल्यास भरतीच्या वेळी दर तासाला आठपट गाळ हलेल. कालावधी निम्मा असला तरी एकूण गाळ ओहोटीच्या चौपट भरेल आणि तो नदीच्या वरच्या बाजूस सरकेल. पावसाळ्यातील पूर हा गाळ पुन्हा समुद्राकडे लोटतो. कोरड्या ऋतूत मात्र वरून येणारे पाणी अपुरे पडते.

दुसरे कारण खारटपणाचे आहे. गोड्या पाण्यात चिकणमातीचे सूक्ष्म कण एकमेकांपासून अलग तरंगत राहतात. समुद्राच्या पाण्यातील क्षारांमुळे ते परस्परांना चिकटून गुठळ्या बनतात आणि प्रवाह मंदावताच, विशेषतः भरती-ओहोटीच्या संधिकाळात, तळाशी बसतात.

## गाळउपसा वारंवार का करावा लागतो

नैसर्गिक पात्राची खोली प्रवाह व गाळ यांच्या समतोलातून ठरते. मार्ग ६ मीटरवरून ९ मीटरपर्यंत खोल केला आणि त्यातून तेवढेच पाणी वाहत राहिले, तर वेग दोन तृतीयांश होतो. वरील घन-नियमानुसार त्याची गाळ वाहण्याची क्षमता सुमारे ३० टक्क्यांवर येते. परिणामी खोदलेला मार्गच गाळाचा सापळा बनतो.

## कार्यपद्धती आणि मर्यादा

अशा कामासाठी मुख्यतः शोषक ड्रेजर वापरतात. हे जहाज चालत असताना तळाशी सोडलेल्या नळातून गाळमिश्रित पाणी शोषून पोटातील टाकीत घेते. जड वाळू टाकीत बसते, वरचे पाणी बाहेर सांडते आणि त्याबरोबर बारीक गाळाचा काही भाग नदीत परत जातो. टाकी भरल्यावर जहाज ठरलेल्या ठिकाणी जाऊन तळाची दारे उघडते. ही जागा मार्गाच्या जवळ असल्यास पुढील भरती तोच गाळ परत आणते. गाळ नळाने किनाऱ्यावर टाकल्यास हे टळते, परंतु खर्च वाढतो.

काम किती टिकले हे प्रतिध्वनी-खोलीमापकाने केलेल्या नियमित सर्वेक्षणातून कळते. मऊ चिखल असलेल्या ठिकाणी उच्च वारंवारतेचा ध्वनी चिखलाच्या पृष्ठभागावरूनच परततो, तर कमी वारंवारतेचा ध्वनी खालच्या घट्ट तळापर्यंत पोहोचतो. दोन मापनांतील फरकावरून चिखलाच्या थराची जाडी समजते.

## फरक्का धरण

वरून येणारा गोड्या पाण्याचा प्रवाह वाढवून गाळ समुद्राकडे ढकलावा, या हेतूने गंगेवर फरक्का येथे बांधलेले धरण १९७५ साली कार्यान्वित झाले. जोडकालव्यातून भागीरथी-हुगळीत सेकंदाला ४०,००० घनफूट पाणी सोडण्याची त्याची योजना होती. कोरड्या ऋतूतील पाणी बांगलादेशाशी वाटून घ्यावे लागते. १९९६ च्या गंगा पाणीवाटप करारानुसार फरक्का येथील प्रवाह ७०,००० घनफूट किंवा त्याहून कमी असल्यास दोन्ही देशांना निम्मा-निम्मा वाटा मिळतो. म्हणजेच, ज्या महिन्यांत भरती गाळ आत आणते, नेमक्या त्याच महिन्यांत त्याला रोखणारे पाणी कमी असते.

समुद्राच्या अधिक जवळ असलेल्या हल्दिया येथील गोदी १९७७ मध्ये सुरू झाली, तरीही तिच्याकडे जाणाऱ्या मार्गावर गाळउपसा करावाच लागतो. मोठी जहाजे भरतीची वेळ साधून आत येतात किंवा काही माल आधी अन्यत्र उतरवून हलकी होतात.