राजीनामापत्र, सॉफ्टवेअर अभियंत्याचे (पुणे)

अधिक चांगली नोकरी मिळाल्यावर अभियंत्याने चालू कंपनीला द्यायचे लेखी निवेदन. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा इथल्या कंपन्यांत ते बहुधा इंग्रजीत, ईमेलने जाते आणि त्याच दिवशी कंपनीच्या पोर्टलवर नोंदवले जाते. बोलीभाषेत याला ‘पेपर टाकणे’ म्हणतात. चांगले पत्र दहा-बारा ओळींत संपते. आभाराची एक ओळ पुरते. पत्राचे खरे काम कामाचा शेवटचा दिवस आणि तोपर्यंत करायच्या हस्तांतराची हद्द ठरवण्याचे आहे.

शेवटचा दिवस. नोटिशीची मुदत नियुक्तिपत्रात लिहिलेली असते. पुण्यात ६० किंवा ९० दिवसांची मुदत नेहमी आढळते. नवी कंपनी मात्र अनेकदा इतके थांबायला तयार नसते आणि बहुतेक पत्रांतला पेच इथेच असतो. समजा, ९० दिवसांची नोटीस असलेल्या अभियंत्याने २ फेब्रुवारी २०२६, सोमवारी पत्र दिले. दुसऱ्या दिवसापासून मोजले तर मुदत ३ मे रोजी संपते. तो रविवार आहे, आदल्या दिवशी शनिवार आणि १ मे रोजी महाराष्ट्र दिनाची सुट्टी. म्हणजे प्रत्यक्ष कामाचा शेवटचा दिवस ३० एप्रिल. नोंदीत मात्र ३० एप्रिल लागेल की ३ मे, हे मनुष्यबळ विभागाला आधीच विचारावे. काही कंपन्या सुट्टीचा दिवस शेवटचा दिवस म्हणून स्वीकारत नाहीत.

या अभियंत्याला ३१ मार्चला मोकळे व्हायचे असेल, तर १ एप्रिल ते ३ मे हे ३३ दिवस कमी पडतात. त्यांचे पैसे भरून सुटण्याच्या सोयीला ‘बायआउट’ म्हणतात. ही रक्कम मूळ पगारावर मोजायची की एकूण पगारावर, हे नियुक्तिपत्रातल्या एका वाक्यावर ठरते. मूळ पगार महिना ६०,००० आणि एकूण १,२०,००० असेल, तर ३० दिवसांच्या महिन्याने हिशेब अनुक्रमे ६६,००० आणि १,३२,००० रुपयांचा होतो. म्हणून ते वाक्य वाचल्याशिवाय नव्या कंपनीला रुजू होण्याची तारीख कळवू नये. शिवाय बायआउट मान्य करणे अनेक करारांत कंपनीच्या मर्जीवर असते. तेव्हा पत्रात ती तारीख विनंती म्हणून लिहावी आणि पूर्ण मुदतीची तारीखही सोबत द्यावी.

नमुना. वरील उदाहरणातले पत्र मराठीत असे होईल:

> सादर नमस्कार.
> मी आज, २ फेब्रुवारी २०२६ रोजी, माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. मला दुसरीकडे नवी संधी मिळाली आहे. नियुक्तिपत्रानुसार माझी नोटिशीची मुदत ३ मे २०२६ रोजी संपते. मला ३१ मार्च रोजी कार्यमुक्त करावे, ही विनंती. उरलेल्या दिवसांची रक्कम नियमाप्रमाणे भरण्यास मी तयार आहे.
> माझ्याकडील कामांची यादी ६ फेब्रुवारीपर्यंत देतो. ज्यांच्याकडे काम सोपवायचे त्यांची नावे १३ फेब्रुवारीपर्यंत मिळाल्यास १३ मार्चपर्यंत हस्तांतर पूर्ण करेन आणि त्यानंतर त्यांच्या शंकांसाठी उपलब्ध राहीन.
> इथे मला मोठ्या प्रणालीची जबाबदारी पेलायला शिकवले गेले, त्याबद्दल आभार. राजीनामा मिळाल्याची पोच आणि कार्यमुक्तीची तारीख कृपया लेखी कळवावी.

नव्या कंपनीचे नाव, पगाराचा आकडा आणि जुन्या तक्रारी यात नाहीत. आकडा लिहिला की पत्राला वाटाघाटीचे रूप येते आणि प्रतिप्रस्ताव येतो. तक्रार सांगायचीच असेल तर जाताना मनुष्यबळ विभागाशी होणारी मुलाखत आहे, पण तिथेही हात आखडता घेतलेला बरा.

हस्तांतराच्या अटी. ‘काम पूर्ण सोपवेपर्यंत मी थांबेन’ हे वाक्य सभ्य वाटते, पण सगळ्यात महागात पडते. काम पूर्ण झाले हे ठरवणारा माणूस व्यवस्थापक असतो आणि जागी कोणी नेमलाच नाही तर ते कधीच पूर्ण होत नाही. म्हणून नमुन्यात अभियंत्याने आपल्या बाजूची तारीख दिली आहे, तसेच माणूस नेमण्याची तारीख कंपनीच्या बाजूला ठेवली आहे. नाव उशिरा आले तर हस्तांतर कमी होईल, शेवटचा दिवस सरकणार नाही.

प्रत्यक्ष हस्तांतराला सगळे ‘केटी’ म्हणतात. आधी जाणारा समजावतो, मग नवा माणूस तेच त्याला उलट समजावतो, त्याला ‘रिव्हर्स केटी’ म्हणतात. हा दुसरा टप्पा घाईत गाळला जातो आणि त्याला कळले नव्हते हे तेव्हा उघड होत नाही. त्यानंतर काही दिवस नव्या माणसाने काम करायचे आणि जाणाऱ्याने फक्त पाहायचे.

कोड बहुधा सापडतो. अडते ते माणसाच्या नावावर चाललेल्या गोष्टींमुळे. रात्री चालणारे एखादे काम जाणाऱ्याच्या लॉगिनवर असते, एखाद्या प्रमाणपत्राची मुदत संपण्याची सूचना त्याच्याच ईमेलवर येते, एखादी चावी त्याच्या वैयक्तिक खात्यातून काढलेली असते. शेवटच्या दिवशी खाते बंद होते आणि त्या रात्रीचे काम बंद पडते. हे आधी ओळखायचा साधा उपाय म्हणजे जाण्याच्या दोन आठवडे आधी, व्यवस्थापकाच्या संमतीने, आपले अधिकार स्वतःच काढून घ्यायला लावायचे. जे मोडेल ते दुरुस्त करायला माणूस अजून जागेवर असतो. पासवर्ड मात्र पत्रात किंवा केटीच्या कागदात लिहू नयेत, आणि कोडची प्रत स्वतःच्या खात्यात ‘आठवण म्हणून’ ठेवू नये. गोपनीयतेची अट नोकरीबरोबर संपत नाही.

कायद्याची बाजू. कंपनी कोणालाही जबरदस्तीने कामावर ठेवू शकत नाही. १९६३च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमानुसार वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय बळाने पाळायला लावत नाही. नोकरी संपल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जाऊ नये ही अट १८७२च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम २७मुळे सहसा टिकत नाही.

मात्र करार चालू असतानाची गोष्ट निराळी. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेला सेंच्युरी स्पिनिंग कंपनीचा खटला सॉफ्टवेअरच्या फार आधीचा, पण नेमका याच वळणाचा आहे. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातल्या एका शिफ्ट सुपरवायझरने १९६३ साली ५ वर्षांचा करार केला होता. ऑक्टोबर १९६४ मध्ये तो रजेवर गेला, कोट्याच्या एका रेयॉन कंपनीत जास्त पगारावर लागला आणि नोव्हेंबरात जुन्या कंपनीला कळवले की आपण आधीच राजीनामा दिला आहे. करारात उरलेल्या मुदतीपुरती, म्हणजे मार्च १९६८पर्यंत, त्याला तसले काम दुसरीकडे करण्याची मनाई न्यायालयाने कायम ठेवली. नोटीस न देता निघून जाण्याचा धोका आजही याच जागी आहे, जरी पुण्यात प्रकरण बहुधा कोर्टात न जाता ‘रिलीव्हिंग लेटर’ अडकण्यावर थांबते.

हिशेब. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनामा दिलेल्याचे थकीत वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे आहे. पूर्वी ४५ दिवसांचा रिवाज धरून चालणाऱ्या कंपन्यांना ही मुदत फार आखूड वाटते. रिलीव्हिंग लेटर मात्र वेतनाच्या या मुदतीत बसत नाही आणि नवी कंपनी रुजू होतानाच ते मागते. ते हाती येईपर्यंत राजीनाम्याची लेखी पोच आणि त्यात नमूद केलेली कार्यमुक्तीची तारीख दाखवून बहुतेक ठिकाणी काम भागते.