ऑलिंपिकमध्ये न झालेला ‘ऑलिंपिक गोल’: एका स्पॅनिश शब्दाचा माग

समजा तुम्ही रात्री उमरीत बसून मोबाईलवर अर्जेंटिनाचा सामना लावलाय, आणि कॉमेंट्री स्पॅनिशमध्ये आहे. कॉर्नरवरून मारलेला चेंडू हवेतच वळतो आणि दुसऱ्या कुणालाही न लागता थेट जाळ्यात जातो. निवेदक दम संपेपर्यंत ‘गोऽऽल’ ओरडतो आणि मग म्हणतो, ‘गोल ओलिंपिको!’ आता सामना तर ऑलिंपिकचा नाही. मग हा शब्द इथं आला कुठून?

शब्दकोश उघडला तर ‘कॉर्नरवरून थेट केलेला गोल’ एवढा अर्थ मिळेल. सामना बघायला तेवढं पुरतं. पण संशोधन करणाऱ्याला अर्थासोबत कारणही लागतं. म्हणून आपण अंदाज मांडू आणि एकेक तपासून बघू.

पहिला अंदाज: असा गोल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये झाला असेल. हा लगेच बाद होतो, कारण १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत कॉर्नरवरून थेट केलेला गोल धरलाच जात नव्हता. उरुग्वेने तिथे ९ जून १९२४ ला स्वित्झर्लंडला ३-० हरवून सुवर्णपदक घेतलं. त्यानंतर काही दिवसांनी, त्याच महिन्यात, नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने असा गोल वैध केला. तारखांचा हा क्रम लक्षात ठेवा.

दुसरा अंदाज: जगातला असा पहिला गोल ज्या सामन्यात झाला, त्यावरून नाव पडलं असेल. तोही टिकत नाही. नवा नियम आल्यावर ऑगस्ट १९२४ मध्येच स्कॉटलंडमध्ये असा गोल झाल्याची नोंद आहे. पण त्याला हे नाव मिळालं नाही.

आता ब्यूनोस आयर्सला या. ऑलिंपिक जिंकून परतलेल्या उरुग्वेशी शेजारच्या अर्जेंटिनाचा सामना २८ सप्टेंबरला ठरला होता. गर्दी एवढी झाली की लोक मैदानात घुसले आणि खेळ थांबवावा लागला. सामना पुन्हा २ ऑक्टोबरला झाला, तेव्हा मैदान आणि प्रेक्षक यांच्यामध्ये तारेचं कुंपण घातलेलं होतं. त्या दिवशी अर्जेंटिनाच्या सेसारेओ ओन्सारीने मारलेला कॉर्नर थेट जाळ्यात गेला आणि अर्जेंटिना २-१ ने जिंकली.

म्हंजे गोल करणारा ऑलिंपिकवाला नव्हता, गोल खाणारे ऑलिंपिकवाले होते! ‘ओन्सारीने ऑलिंपिकवाल्यांना केलेला गोल’ हे लांबलचक नाव लोकांच्या तोंडी झिजून ‘गोल ओलिंपिको’ एवढंच उरलं. त्यामागे चेष्टा आहे आणि शेजाऱ्याची ईर्ष्याही.

या अंदाजाला आधार देणारे आणखी दोन शब्द त्याच वर्षाशी जोडलेले आहेत. तारेच्या त्या कुंपणाला ‘आलाम्ब्रादो ओलिंपिको’ म्हणू लागले. पॅरिसमध्ये जिंकल्यावर उरुग्वेच्या खेळाडूंनी मैदानाला फेरी मारली होती. विजेत्यांच्या अशा फेरीला आजही ‘वुएल्ता ओलिंपिका’ म्हणतात. तीन वेगळ्या गोष्टींना एकच विशेषण लागतं, तेव्हा त्यांचं मूळ एकत्र शोधायचं असतं.

पुढे शब्द जन्मस्थानापासून सुटा झाला. १९६२ च्या विश्वचषकात कोलंबियाच्या मार्कोस कोलने सोव्हिएत संघाच्या लेव्ह याशिनला कॉर्नरवरून थेट गोल केला. पुरुषांच्या विश्वचषकातला असा तो एकमेव गोल. समोर ऑलिंपिक विजेता असण्याची अट केव्हाच गळून गेली होती, तरी नाव ‘गोल ओलिंपिको’च राहिलं. फक्त चेंडू वाटेत दुसऱ्या खेळाडूच्या डोक्याला लागून आत गेला, तर तो ओलिंपिको नाही. गोलरक्षकाची बोटं लागली असतील तर निवेदकांमध्येही वाद होतो.

ऐकताना एक गोष्ट सांभाळा. स्पॅनिश एक असली तरी मैदानावरचे शब्द देशागणिक बदलतात. कॉर्नरला ‘कोर्नेर’ बऱ्याच ठिकाणी चालतं, पण स्पेनमध्ये ‘साके दे एस्किना’ आणि लॅटिन अमेरिकेत ‘तिरो दे एस्किना’ ऐकू येतं. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात पॅराग्वे आणि स्पेन दोघंही नवी मुंबईच्या मैदानावर खेळले. तिथला गोलरक्षक पॅराग्वेच्या माणसासाठी ‘आर्केरो’, म्हणजे कमानीचा राखणदार. स्पेनच्या माणसासाठी ‘पोर्तेरो’, म्हणजे दारावरचा. गोलपोस्ट तेच, पण एकाला तिथं कमान दिसते, दुसऱ्याला दरवाजा.

म्हणून कॉमेंट्रीतला शब्द वहीत उतरवताना शेजारी देश आणि साल लिहा. ‘ओलिंपिको’समोर १९२४ लिहिलं नसेल, तर तो शब्द तुम्हाला थेट पॅरिसला नेईल, आणि तुम्ही अर्जेंटिनाचा गोल ऑलिंपिकच्या खात्यात टाकून मोकळे व्हाल.