फाउंडेशन, लिपस्टिक आणि छटेची नेमकी भाषा

'नॅचरल बेज', 'हनी', 'रोझी न्यूड', 'मोका'... फाउंडेशनच्या बाटल्यांवरील ही नावे ऐकायला गोड असली, तरी त्यांवरून छटेचा बोध होत नाही. एका कंपनीचे 'हनी' दुसऱ्या कंपनीच्या 'हनी'पेक्षा चांगले दोन पायऱ्यांनी गडद असू शकते. दुकानात लावून पाहण्याची सोय असते तोवर हे खपून जाते. घरबसल्या मागवताना मात्र ग्राहकाच्या हाती एक छायाचित्र आणि चार ओळींचे वर्णन एवढेच उरते, आणि उघडलेले प्रसाधन बहुधा परत घेतले जात नाही. तेव्हा त्या चार ओळी लिहिणाऱ्याने कशा लिहाव्यात आणि वाचणाऱ्याने त्यांत काय शोधावे, हे पाहणे उपयोगाचे ठरेल.

फाउंडेशनच्या वर्णनात दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्या लागतात. पहिली गडदपणा, म्हणजे रंग किती फिका वा किती गडद. दुसरी अंतर्छटा, अर्थात 'अंडरटोन', म्हणजे त्या रंगातून डोकावणारी पिवळी, गुलाबी वा हिरवट झाक. आपल्याकडे 'गोरी', 'गव्हाळ', 'सावळी' हे शब्द केवळ गडदपणा सांगतात. त्यातही 'गव्हाळ' हा शब्द विवाहविषयक जाहिरातींनी इतका ताणला आहे, की त्यात निमगोऱ्यापासून सावळ्यापर्यंत सारे सामावते. दोघी बहिणी सारख्याच गव्हाळ असूनही एकीला जे फाउंडेशन बेमालूम मिसळते, तेच दुसरीच्या चेहऱ्यावर पिठासारखे दिसते. हा फरक अंतर्छटेचा असतो. उन्हाने त्वचा रापली म्हणजे गडदपणा वाढतो, अंतर्छटा मात्र सहसा तीच राहते.

उष्ण, शीत आणि सम हे अंतर्छटेचे तीन प्रकार सर्वत्र सांगितले जातात. पिवळी वा सोनेरी झाक ती उष्ण, गुलाबी वा निळसर ती शीत, कुठलीच ठळक नसेल ती सम. या विभागणीतून एक मोठा वर्ग मात्र निसटतो, तो म्हणजे हिरवट-पिवळ्या झाकेचा. त्याला 'ऑलिव्ह' म्हणतात आणि भारतीय त्वचेत तो मुबलक आढळतो. अशा त्वचेवर गुलाबी फाउंडेशन मुखवट्यासारखे उठून दिसते आणि सोनेरी फाउंडेशन नारिंगी वाटते. 'मला कुठलीच शेड जमत नाही' अशी तक्रार करणाऱ्या अनेकींचे गाऱ्हाणे मुळात हे असते.

मनगटाची शीर हिरवी दिसली तर उष्ण, निळी दिसली तर शीत, हा नुस्खा बराच लोकप्रिय आहे. गडद त्वचेवर शिरा नीट दिसतच नाहीत आणि प्रकाश बदलला की त्यांचा रंगही बदललेला भासतो, त्यामुळे तो भरवशाचा नाही. त्याहून चांगला मार्ग तुलनेचा आहे. एकाच गडदपणाच्या, पण पिवळ्या, गुलाबी आणि हिरवट झाकेच्या तीन छटा जबड्याच्या कडेवर, गालापासून मानेकडे जातील अशा शेजारी-शेजारी लावाव्यात आणि खिडकीजवळच्या उजेडात, थेट ऊन टाळून, पाहाव्यात. जी पट्टी दिसेनाशी होते ती आपली. दुकानातील पांढऱ्या दिव्यांखाली हा निर्णय घेऊ नये.

छटेच्या सांकेतिक अक्षरांवरही डोळे मिटून विसंबू नये. 'मॅक' या कंपनीच्या क्रमवारीत 'एनसी' आणि 'एनडब्ल्यू' अशी दोन कुळे आहेत. 'सी' म्हणजे शीत आणि 'डब्ल्यू' म्हणजे उष्ण. पण प्रत्यक्षात पिवळ्या-सोनेरी झाकेच्या स्त्रिया 'एनसी' घेतात आणि गुलाबी झाकेच्या 'एनडब्ल्यू'! इतर बऱ्याच कंपन्यांत नेमके उलट असते. म्हणूनच वर्णनात नुसते 'उष्ण' असे न लिहिता 'पिवळसर', 'सोनेरी', 'गुलाबी', 'हिरवट' असे डोळ्यांना दिसणारे शब्द वापरलेले बरे.

झाक कोठून येते, हे खोक्यावरील घटकांच्या यादीतही दिसते. बहुतेक फाउंडेशनमध्ये चार रंगद्रव्ये असतात: पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड (सीआय ७७८९१) आणि तांबडे, पिवळे व काळे आयर्न ऑक्साइड (सीआय ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९). सावळ्या त्वचेसाठीच्या छटेत पांढऱ्याचे प्रमाण गरजेपेक्षा जास्त राहिले, किंवा तांबडे-पिवळे न वाढवता नुसते काळे वाढवले, की चेहरा राखाडी दिसतो. मात्र ही यादी पुष्कळदा सगळ्या छटांना मिळून एकच छापलेली असते. तिच्यावरून प्रमाण कळत नाही. ते त्वचेवरच पाहावे लागते.

आता एक उदाहरण घेऊ. एखाद्या विक्रेतीने लिहिले आहे: 'हनी. गव्हाळ त्वचेसाठी उत्तम. नैसर्गिक लूक. तेलकट त्वचा व मुरुमांवर गुणकारी.' यातून ग्राहकाला काहीच कळत नाही आणि शेवटचे वाक्य तर धोक्याचे आहे. बाटली तीच ठेवून वर्णन असे करता येईल: 'मध्यम गडद. झाक पिवळसर, किंचित हिरवट. गुलाबी झाकेच्या त्वचेवर पिवळी दिसेल. लावताना फिकी वाटते, वीस मिनिटांनी साधारण अर्धी पायरी गडद होते. एका थरात बारीक डाग दिसत राहतात, दोन थरांत बहुतेक झाकले जातात. सुकल्यावर चमक राहत नाही. तेलकट त्वचेवर चार तासांनी नाकावर चकाकी आली. कोरड्या त्वचेवर नाकपुड्यांच्या कडेला पापुद्रे उठून दिसले.'

यातील वीस मिनिटांचा मुद्दा सहसा वगळला जातो आणि फसगत तिथेच होते. बाटलीतील पाणी वा उडून जाणारे सिलिकोन निघून गेले आणि त्वचेचे तेल रंगद्रव्यात मुरले, की छटा बदलते. ओली वाळू कोरडीपेक्षा गडद दिसते, तसाच हा प्रकार. याला बोलीत 'ऑक्सिडाइज होणे' म्हणतात. पण आयर्न ऑक्साइड हे आधीच ऑक्साइड असते, त्यामुळे रंग गडद होण्याला केवळ हवेशी होणारी प्रक्रिया हे कारण पुरत नाही. कारण काहीही असो, लावल्यावर लगेच आणि वीस मिनिटांनी, अशी दोन निरीक्षणे वर्णनात हवीत. छायाचित्र जोडायचे असल्यास छटेशेजारी पांढरा कागद ठेवावा. तो कागद फोटोत पिवळा किंवा निळा दिसला, तर छटाही तितकीच खोटी आहे, हे पाहणाऱ्याला ताबडतोब उमगते.

लिपस्टिकचे गणित थोडे निराळे. कांडीचा रंग आणि ओठांवरचा रंग एक नसतो, कारण ओठांना स्वतःचा रंग असतो. तपकिरी ओठांवर पारदर्शक गुलाबी लावली की ती विटकरीकडे झुकते. पांढऱ्याचे प्रमाण जास्त असलेली फिकी गुलाबी लावली, तर ती खडूसारखी वर बसते. कांडीतील झाक ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. पांढऱ्या कागदावर ठिपका लावून तो बोटाने ओढत अगदी पातळ करावा. पातळ झालेल्या कडेला लाल रंग गुलाबी-जांभळ्याकडे गेला तर त्याची झाक निळी. नारिंगीकडे गेला तर पिवळी.

शब्दांच्या बाबतीत मात्र मराठी ग्राहक श्रीमंत आहे. साडीच्या दुकानात अबोली, राणी, डाळिंबी, आमसुली, विटकरी, वांगी हे रंग कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. 'बेरी', 'रोझवुड' यांपेक्षा 'आमसुलीकडे झुकणारा डाळिंबी' हे वर्णन दादरला काय नि नागपूरला काय, सारखेच पोहोचते. त्यापुढे तीन निरीक्षणे जोडावीत: कागदावर कशी दिसते, फिक्या ओठांवर कशी आणि तपकिरी ओठांवर कशी. चहा प्यायल्यावर कपाला किती लागते, हेही एका वाक्यात सांगितले तर बिघडत नाही. घेणारीला ते हवेच असते!

त्वचेच्या प्रकाराबद्दल लिहिताना हात आखडता घ्यावा. सौम्य साबणाने चेहरा धुऊन, काहीही न लावता तासभर थांबल्यावर कपाळ-नाक चमकले आणि गाल ओढले गेले, तर मिश्र. सर्वत्र चमकले तर तेलकट. सर्वत्र ताणले तर कोरडी. एवढी विभागणी प्रसाधनासाठी पुरे. छटेच्या वर्णनात काही जण 'फिट्झपॅट्रिक टाइप ४' असे लिहू लागले आहेत. अमेरिकी त्वचातज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली मांडलेली ती वर्गवारी त्वचा उन्हाने भाजते की रापते यावर आधारलेली आहे; लिपस्टिक निवडण्यासाठी ती नव्हे.

प्रसाधनाने काय दिसते, ते लिहावे. त्याने काय बरे होते, ते लिहू नये. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० नुसार स्वच्छता, सौंदर्य वा रूपातील बदल यांसाठी लावायची वस्तू ती सौंदर्यप्रसाधन. रोगाचे निदान, उपचार वा प्रतिबंध यांसाठीची ती औषध. 'डाग झाकले जातात' हे पहिल्या कक्षेत बसते, 'डाग नाहीसे होतात' हे दुसरीकडे सरकते. 'हायपोअॅलर्जेनिक' हा भारदस्त शब्दही जपून वापरावा. अमेरिकेत त्याची व्याख्या करण्याचा नियम १९७५ मध्ये आला आणि १९७७ मध्ये न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला. तेथे आजही त्याला कायदेशीर मोजमाप नाही. 'सुगंधद्रव्य नाही' हे विधान मात्र खोक्यावरील यादीशी ताडून पाहता येते.

राहता राहिली 'पॅच टेस्ट'. येथे दोन चाचण्यांची गल्लत होते. जबड्यावरची चाचणी छटेची; कोपराच्या आतील बाजूची चाचणी सोसण्याची. कोपराचा रंग चेहऱ्याहून वेगळा असल्याने तेथे छटा ठरत नाही. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांची संघटना नव्या प्रसाधनासाठी नाण्याएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहण्याचा सल्ला देते. काही वेष्टनांवर २४ तासांची सूचना असते, पण उशिरा उमटणारी खाज त्यात निसटू शकते. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या चिकटवून ४८ तासांनी आणि पुन्हा एकदोन दिवसांनी वाचतात, ती तपासणी निराळी. घरच्या चाचणीवरून ना निदान होते, ना हमी मिळते.

म्हणून वर्णनाच्या शेवटी टीप अशी असावी: 'प्रथम वापरापूर्वी कोपराच्या आतील अखंड त्वचेवर नाण्याएवढ्या जागी थोडे लावा. सात दिवस, दिवसातून दोनदा लावून पाहा. खाज, लाली, जळजळ वा सूज आल्यास धुऊन टाका, वापर थांबवा आणि त्रास राहिल्यास डॉक्टरांना दाखवा. जाताना खोके सोबत न्या. त्रास झाला नाही, तरी पुढे होणारच नाही असे नाही.' लिपस्टिकच्या टिपेत आणखी एक ओळ लागते: दुकानातील नमुन्याची कांडी थेट ओठांना लावू नये, ती कागदावर किंवा हातावर पाहावी.