शून्य चूक दाखवणारा नकाशा खोटा निघाला तेव्हा

आजच्या भागात एका गावाचा नकाशा आहे, पण ते गाव पाण्याखाली आहे.

बीड जिल्ह्यात सिंदफणा नदीवर माजलगावचं धरण आहे. ते १९८७ साली पूर्ण झालं आणि काठावरची गावं उठून वर नव्या जागी गेली. माझ्या आज्जीचं माहेर त्यातलंच एक. २०१६ च्या दुष्काळात धरण तळाला गेलं, तेव्हा घरचे सगळे जुनं गाव बघायला गेले. समोर चिखल, दगडांचे ढीग आणि बुजलेल्या विहिरी. आज्जी म्हणाली, आपली विहीर ही. तिचा भाऊ म्हणाला, छे, ती पार तिकडं. दोघांच्या विहिरींत दोनशे मीटरचं अंतर! पाऊस आला, पाणी चढलं आणि भांडण तसंच राहिलं.

नंतर गावाच्या जुन्या नकाशाची स्कॅन केलेली प्रत हाती आली. सर्व्हे नंबर, ओढे, शिवा, विहिरींच्या खुणा, सगळं त्यात होतं. म्हटलं, क्यूजीआयएसमध्ये हा नकाशा उपग्रहाच्या चित्रावर बसवला की निकाल लागेल.

पण हे नकाशे तयार कसे झाले ते आधी बघू, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. इंग्रजांच्या मुलखात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात शेतसाऱ्यासाठी नव्या पद्धतीची मोजणी बसवली. पुढे निजामाच्या राज्यात, सालारजंगांच्या काळात, तीच पद्धत मराठवाड्यात आली. ३३ फुटांची साखळी आणि काटकोन काढायला शंकू, एवढंच सामान. साखळी ३३ फुटांची म्हणून ३३ गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा. आजही आपण जमीन त्याच मापात विकतो.

त्याच्याही आधी, १८१५ मध्ये, लॅम्बटनने शेजारच्या बिदरजवळ पायारेषा मोजून अक्षांश-रेखांशांचं मोठं काम चालवलं होतं. पण गावाची मोजणी त्याच्याशी जोडलेली नव्हती. मोजणीदाराला सारा ठरवायचा होता. गाव पृथ्वीवर नेमकं कुठं आहे याच्याशी त्याला घेणं नव्हतं. म्हणून गावाच्या नकाशात आकार आणि अंतरं बरीच नीट असतात, पण पत्ता नसतो. तो पत्ता आपण द्यायचा. नकाशावरची एक जागा दाखवायची, तीच जागा जमिनीवर दाखवायची, अशा जोड्या लावत जायचं. यांना नियंत्रण बिंदू म्हणतात.

माझ्याकडे असे सात बिंदू होते. सहा कोरड्या काठावरचे, म्हणजे तीन गावांच्या शिवा जिथं मिळतात ते दगड आणि पाणंदीची वळणं. तिथं उभं राहून मोबाइलवर जागा घेतली. सातवा बिंदू मारुतीचं देऊळ. नकाशात गावठाणाला लागून देऊळ होतं, आणि उपग्रहाच्या चित्रातही गावात देऊळ दिसत होतं.

`Layer` मेनूत `Georeferencer` उघडलं, बिंदू टाकले, जमिनीची पद्धत `EPSG:32643` ठेवली. बीड त्याच पट्ट्यात येतं आणि मोजमाप मीटरमध्ये मिळतं. मग `Transformation type` विचारलं. मी `Thin Plate Spline` निवडलं. नाव भारी वाटलं, दुसरं कारण नाही. चूक आली शून्य! गावठाणाचा पांढरा तुकडा आजच्या गावावर अलगद बसला. मी खूश.

मग नदीकडं लक्ष गेलं. सिंदफणा माळावर चढली होती.

तुमच्या लक्षात आलं असेल. गाव उठलं तेव्हा देवही नव्या गावी गेला. नकाशातलं देऊळ पाण्याखाली आणि चित्रातलं देऊळ पावणेदोन किलोमीटर लांब. `Thin Plate Spline` नकाशाला रबरासारखा ताणतं आणि प्रत्येक बिंदू तुम्ही सांगाल तिथंच नेऊन बसवतं. म्हणून त्याची चूक नेहमी शून्यच येते. तुम्ही खोटं सांगितलं तर खोट्यावरही शून्य.

आता तेच सात बिंदू ठेवून `Polynomial 1` निवडलं. हे सगळ्या कागदाला मिळून एकच नियम लावतं. कागद फिरव, सरकव, आडवा-उभा वेगवेगळा ताण, थोडा तिरका कर, बस. मधेच कुठं वाकवायची परवानगी नाही. लगेच `Residual` च्या रकान्यात सगळीकडे मोठे आकडे आले. एक खोटा साक्षीदार सगळ्यांना ओढत होता. देवळाची टिकमार्क काढली आणि उरलेल्या सहा बिंदूंची सरासरी चूक ८ पिक्सेलवर आली.

८ पिक्सेल म्हणजे जमिनीवर किती? माझ्या नकाशाचं प्रमाण १:७९२० होतं, म्हणजे एका इंचात २० साखळ्या. स्कॅन ३०० डीपीआयचा. म्हणजे एक पिक्सेल ०.६७ मीटर आणि आठ पिक्सेल साधारण साडेपाच मीटर. मोबाइलच्या जीपीएसची चूकही तेवढीच असते, तेव्हा याहून कमीची हाव धरण्यात अर्थ नाही.

याच हिशेबातून कागदाची तब्येतही कळते. `Helmert` निवडलं की ते सगळ्या बाजूंना एकच प्रमाण धरतं आणि ते प्रमाण खाली दाखवतं. मला ०.६७ ऐवजी ०.६८ दिसलं. म्हणजे कागद दीडेक टक्का आकसलेला. दोन किलोमीटरच्या गावात हा फरक तीस मीटरचा होतो. कागद आडवा आणि उभा सारखाच आकसत नाही, म्हणून अशा नकाशाला `Helmert` पेक्षा `Polynomial 1` जास्त जुळतं.

मग `Polynomial 2` का नको? तेही करून बघितलं. चूक पुन्हा शून्य! पण त्याला किमान सहा बिंदू लागतात आणि माझ्याकडे सहाच होते. म्हणजे तपासायला एकही साक्षीदार शिल्लक नव्हता. शिवाय माझे सगळे बिंदू काठावर आणि गाव पाण्यात. वाकणारं सूत्र बिंदूंच्या बाहेर गेलं की कुठंही भरकटतं.

खरी परीक्षा म्हणून एक जागा बाजूला ठेवली होती, ओढा नदीला मिळतो तो संगम. २०१६ च्या उन्हाळ्यातल्या सेंटिनेल-२ च्या चित्रात धरणाचा तळ उघडा दिसतो. दोन्ही नकाशे त्यावर ठेवून अंतर मोजलं. `Polynomial 2` चा संगम १४० मीटर चुकला. `Polynomial 1` चा पंधराएक मीटर, आणि त्या चित्राचा एक पिक्सेलच दहा मीटरचा असतो.

आता विहीर. नकाशातली खूण आज्जीच्या भावानं दाखवलेल्या जागेजवळ आली. आज्जीला सांगितलं तर म्हणाली, "मग मी दाखवली ती कुणाची?" त्या जागी नकाशात शेजारच्या सर्व्हे नंबरात दुसरी विहीर आहे. तीही खरीच होती.

मग तिनं विचारलं, घर कुठं होतं? ते सांगता आलं नाही. शेतसाऱ्याच्या नकाशात गावठाण म्हणजे नुसता पांढरा तुकडा, त्यात घरं काढलेली नसतात. आणि बांधाचं भांडण असेल तर पंधरा मीटरची चूक असलेला हा नकाशा काढू नका, तिथं भूमी अभिलेखची मोजणीच लागते. दोनशे मीटरचं भांडण मात्र त्यानं मिटवलं.

भेटूया पुढच्या भागात. तोवर घरातल्या ट्रंकेत असा एखादा नकाशा सापडला तर घडी मोडून सपाट ठेवा आणि स्कॅन सपाट काचेवरच करा. मोबाइलनं तिरका फोटो काढलात तर नकाशात आणखी एक चूक तुमची भर पडेल.