लॅटिन पानावरील अनुस्वार : भाषांतराआधीचे वाचन

बेळगाव-निपाणीकडील जुन्या कागदांत ‘रा. रा.’ दिसताच जाणता वाचक ‘राजमान्य राजश्री’ असे वाचतो. अजाण तेथेच अडखळतो. सोळाव्या शतकातील छापील लॅटिन पानाचेही तसेच आहे. तेथील संक्षेप व जोडाक्षरे आधी उलगडल्याशिवाय भाषांतरास हात घालता येत नाही.

आपल्या शेजारच्या गोव्याचेच उदाहरण घेऊ. वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा येथील औषधींवरील पोर्तुगीज संवादग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. क्लुसियुस यांनी केलेला त्याचा लॅटिन संक्षेप १५६७ साली अँटवर्पच्या प्लांटिन छापखान्यातून निघाला. त्याच्या शीर्षकपानावर ओर्तांच्या नावाआधी ‘डी’ हे एकच अक्षर व टिंब आहे. ते ‘दोमिनो’ म्हणजे ‘श्रीमान’ मानावे, की ‘दोक्तोरे’ म्हणजे ‘डॉक्टर’? लॅटिन शीर्षकांत पहिला अर्थ रूढ आहे. पण गोव्याच्या मूळ पानावर त्यांना डॉक्टर म्हटले असल्याने दुसराही संभवतो. विभक्ती मात्र ठरलेली आहे. नाव, ‘वैद्य’ आणि ‘कर्ता’ हे शब्द पंचमीसदृश विभक्तीत असल्याने येथे प्रथमेतील ‘दोमिनुस’ लिहिणे चूक ठरेल.

त्याच पानावर ‘इंदिए’ या शब्दाच्या अखेरीस ‘ए’ व ‘ई’ ही रोमन अक्षरे एकमेकांस चिकटलेली आहेत. येथे ती षष्ठीची खूण असून अर्थ होतो ‘हिंदुस्थानच्या’. त्यांपैकी दुसरे अक्षर नजरेतून निसटले, तर ‘हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयचा वैद्य’ ही साखळी तुटते.

त्या काळच्या लॅटिन पुस्तकांत स्वरावर आडवी रेघही आढळते. ती आपल्या अनुस्वारासारखी आहे : ‘न’ की ‘म’ हे पुढील अक्षरावरून ठरते. ‘तांतुम्’ हा शब्द दोन रेघांनी लिहिलेला असेल, तर पहिली रेघ ‘त’पूर्वी असल्याने ‘न’ची व शेवटची ‘म’ची होय. रेघ पुसट असेल तर ‘क्वाम्’चे ‘क्वा’ होते आणि द्वितीया हरपते. जुळारी ओळ नीट बसविण्यासाठी हे संक्षेप वापरीत. त्यामुळे तोच शब्द जवळपास पूर्ण छापलेलाही सापडू शकतो. शंका आल्यास आम्ही प्रथम तोच शोधतो.

उलगडताना आपण घातलेली अक्षरे चौकटी कंसात ठेवावीत. ‘डी’पुढे ‘ओमिनो’ कंसात राहिले, तर छापलेले किती व आमचे अनुमान किती, हे वाचकास दिसते. कंस गाळले की अनुमानच मूळ पाठ म्हणून पुढे जाते. न्यायालयात नक्कल ताडून पाहताना मूळ दस्तात नसलेला एक शब्दही आम्ही चालू देत नाही. तोच नियम येथे लागू आहे.